नूतनीकरणाची बोलणी नव्वद दिवस आधी

भोसरीतील एका कारखान्याला आम्ही यंत्रांच्या देखभालीच्या नोंदी ठेवणारे सॉफ्टवेअर वार्षिक वर्गणीवर देतो. गेल्या वर्षी करार संपायला वीस दिवस उरले असताना मी लॉगिनचा आलेख घेऊन गेलो, तेव्हा त्यांचे अंदाजपत्रक ठरून गेले होते आणि देखभाल प्रमुखांनी विचारले, "साहेब, माणसे लॉगिन करतात, पण त्याने आमचे काय वाचले?" मोठी सूट देऊन करार कसाबसा टिकला.

यंदा नव्वद दिवस आधी गेलो, कारण करारातील साठ दिवसांच्या सूचनेच्या मुदतीपूर्वी उणिवा दूर करायला महिनाभर हाती राहतो. लॉगिनऐवजी, तक्रार नोंदवल्यापासून दुरुस्ती पूर्ण होईपर्यंतच्या वेळेचा मध्यक मी विभागवार काढला. सरासरी टाळली, कारण सुट्या भागांसाठी अडकलेली दोन-तीन कामे तिला फुगवतात. प्रेस विभागात हा वेळ 9 तासांवरून 5 तासांवर आला होता. मात्र तिथे एक नवे यंत्रही आले होते, म्हणून ते वगळून पुन्हा मोजले, तेव्हा 6 तास निघाले, आणि तोच आकडा दाखवला.

40 पैकी रात्रपाळीचे 11 परवाने तीन महिने वापराविना पडून होते. हेही मीच आधी सांगितले (लपवले असते, तर त्यांच्या लेखा विभागाने शोधलेच असते). चौकशीत कळले की रात्रपाळीचे लोक वहीतच नोंद करत होते. दोन रात्री तिथे बसून त्यांना शिकवले. 7 परवाने वापरात आले, 4 आम्ही कमी केले आणि उरलेल्यांचे नूतनीकरण पूर्ण दराने झाले.