लग्नपत्रिकेचा फॉन्ट: आधी ‘ळ’ बघा, मग वेलबुट्टी

पुतणीच्या लग्नाच्या पत्रिकेचं पहिलं प्रूफ घरी आलं तेव्हा सगळे मरून कागद आणि सोनेरी पालखी बघत होते. मी बावीस वर्षं डीटीपीचं काम केलेलं, त्यामुळे माझी नजर अक्षरांवर गेली. ‘मंगलवार’, ‘सकाली’, ‘विवाहस्थल’. आणि वहिनींचं माहेर ‘बर्हाणपूर’. राजवाड्याच्या मागच्या गल्लीतल्या त्या प्रेसमधला मुलगा म्हणाला, “भिया, मराठी में भी यही चलता है।” त्याचं काही चुकलं नव्हतं. इंदुरात छापखान्याची सगळी मांडणी हिंदीसाठी असते आणि आपण तिथे मराठी मजकूर घेऊन जातो. म्हणून पुण्या-मुंबईत ज्या गोष्टी न सांगता होतात, त्या इथे सांगून, दाखवून करून घ्याव्या लागतात.

एक: फॉन्ट निवडण्याआधी त्याची परीक्षा घ्या

नमुन्यांच्या वहीत फॉन्ट बघू नका. तिथे ‘शुभ विवाह’ एवढेच दोन शब्द असतात आणि ते कुठल्याही फॉन्टमध्ये छान दिसतात. त्याऐवजी ही ओळ द्या आणि निवडलेल्या प्रत्येक फॉन्टमध्ये ती कागदावर छापून मागा:

मंगळवारी सकाळी बऱ्हाणपूरचे श्री. खरे व वैद्य, लग्नमुहूर्त शुद्ध ११ वा. ५९ मि., ऑफिसजवळ

पहिल्यांदा ‘ळ’ बघा. जुन्या, युनिकोडच्या आधीच्या हिंदी फॉन्टांतही बहुतेक वेळा ळ असतो, पण ऑपरेटरला त्याची कळ माहीत नसते आणि तो ल टाकून मोकळा होतो. मग ‘बऱ्हाणपूर’मधला तो आडवा, पापणीसारखा र. अशा फॉन्टांत तो अनेकदा नसतोच, म्हणून त्या जागी ह वर रफार येतो. बऱ्हाणपूर, गोऱ्हे, कऱ्हाडे, दुसऱ्या, साऱ्या यांतलं काही तुमच्या पत्रिकेत असेल, तर पापणीचा र नसलेला फॉन्ट तिथेच बाजूला ठेवा. युनिकोडमध्ये टाइप करताना ‘र’ नव्हे, खाली टिंब असलेला ‘ऱ’ घ्यायचा आणि त्याला हलन्त देऊन पुढे ह किंवा य जोडायचा, की पापणी येते.

त्यानंतर ल आणि श. मराठी ल म्हणजे मधल्या देठाच्या दोन्ही बाजूंना पाकळ्या. हिंदी ल उजवीकडच्या उभ्या दंडाला टेकलेला असतो. श मराठीत देठाचा, हिंदीत गाठीचा. हिंदी वळणाचे ल-श आले म्हणून कुणाला वाचता येणार नाही असं नाही. इंदुरात तर आपली मुलं तेच वळण शाळेत गिरवतात. पण आजी-आजोबांच्या डोळ्यांना मराठी वळणाची सवय असते, आणि एकाच पत्रिकेत शीर्षकाला एक ल, मजकुराला दुसरा, असं झालं की ते सगळ्यांनाच खटकतं. काही युनिकोड फॉन्टांत दोन्ही रूपं असतात, पण मजकुराची भाषा ‘मराठी’ निवडली तरच मराठी रूप दिसतं. भाषा ‘हिंदी’ राहिली की तोच फॉन्ट हिंदी ल दाखवतो. ‘फॉन्ट बदला’ म्हणण्याआधी हे एकदा तपासा.

शेवटी ‘खरे’ हा ‘रवरे’ वाचला जात नाही ना, आणि १ व ९ एका नजरेत वेगळे कळतात ना, ते बघा. वळणदार फॉन्टांत १ आणि ९ हे सख्खे भाऊ असतात. मुहूर्ताच्या वेळेत ते फार महाग पडतात.

दोन: दोनच फॉन्ट घ्या

वधूवरांच्या नावांना हवा तेवढा नखरा चालतो. ती नावं मोठी असतात आणि येणाऱ्याला आधीच माहीत असतात. बाकी सगळा मजकूर साध्या फॉन्टमध्ये. मी Tiro Devanagari Marathi घेतला. तो मोफत मिळतो, त्यातले ल आणि श मुळातच मराठी वळणाचे आहेत आणि रेघ जाड-बारीक असली तरी धार्मिक पोथीसारखी शांत दिसते. त्याची एक अडचण आहे: त्यात ठळक वजन नाही. ठळक करण्याचं बटण दाबलं तर संगणक अक्षराला नुसती बाहेरून सूज आणतो, मग ‘ब’च्या पोटातली रेघ बुजून ‘व’ होतो आणि ‘घ’, ‘ध’ सारखेच दिसायला लागतात. स्थळ आणि वेळ ठळक हवी असेल तर त्या दोन ओळींना Mukta घ्या, त्यात वजनाच्या सात पायऱ्या आहेत. किंवा ठळकपणा सोडून द्या आणि त्या ओळी दोन पॉइंटनी मोठ्या करा. मी दुसरा मार्ग घेतला.

तीन: आकार पॉइंटात नको, मिलिमीटरात ठरवा

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. ‘बारा पॉइंट ठेवा’ असं सांगून आपण निश्चिंत होतो. पण बारा पॉइंट ही वेलांट्या आणि उकारांसकट धरलेल्या चौकटीची उंची असते, आणि त्या चौकटीत अक्षर केवढं काढायचं हे प्रत्येक फॉन्टकार आपापलं ठरवतो. Kokila आणि Mangal हे दोन्ही फॉन्ट विंडोजवर मिळतात. दोन्हींत एकच ओळ बारा पॉइंटात छापून बघा, Kokila मधली ओळ ठेंगणी दिसेल.

म्हणून पट्टी घ्या. ‘क’ची उंची शिरोरेषेपासून पायापर्यंत मोजा. माझा अनुभवाचा हिशेब असा: स्थळ, वार, वेळ आणि मुख्य मजकूर यांत क निदान २.६ मिलिमीटर हवा, आणि आप्तेष्टांच्या नावांच्या यादीत २ मिलिमीटरच्या खाली जाऊ नये. साठीच्या पुढच्या माणसाने संध्याकाळी, घरातल्या पिवळ्या दिव्यात, चष्मा शोधायच्या आधी वाचावं एवढीच अपेक्षा त्यामागे आहे.

आमच्या प्रूफवर मजकुराच्या फॉन्टचा क बारा पॉइंटला २.१ मिलिमीटर भरला. मला २.६ हवा होता. १२ गुणिले २.६ भागिले २.१, म्हणजे जवळजवळ १५ पॉइंट. नावांच्या यादीसाठी त्याच हिशेबाने साडेअकरा.

चार: ओळींमधली जागा आणि मग मजकूर कापणं

‘मुहूर्त’ हा शब्द ओळींमधल्या जागेची उत्तम कसोटी आहे. त्याला खाली दीर्घ ऊकार आहे आणि वर रफार. ओळी जवळ आल्या की त्याचा ऊकार खालच्या ओळीतल्या वेलांटीत जाऊन अडकतो. देवनागरीत ओळीपासून ओळीचं अंतर अक्षराच्या पॉइंटच्या दीडपट ठेवावं.

आता आमचा हिशेब बघा. आतलं पान ५ बाय ७ इंच, म्हणजे उंची १७८ मिलिमीटर. नक्षीसाठी वरखाली बारा-बारा सोडले, राहिले १५४. कुलस्वामिनीचं स्मरण आणि वधूवरांची नावं यांनी ४५ घेतले. मजकुराला उरले १०९. पंधरा पॉइंटची दीडपट साडेबावीस पॉइंट, म्हणजे जेमतेम ८ मिलिमीटर. १०९ ला ८ ने भागा: तेरा ओळी. आणि दादाने लिहून दिलेला मजकूर होता एकवीस ओळींचा!

प्रेसवाल्याने त्या एकवीस ओळी बसवल्या होत्याच. कशा? अक्षर अकरा पॉइंटवर आणलं, ओळी पाच-पाच मिलिमीटरवर खेचल्या आणि लांब ओळी दोन्ही बाजूंनी दाबून अरुंद केल्या. क राहिला १.९ मिलिमीटर. दाबलेलं अक्षर ओळखायची खूण सोपी आहे: उभे दंड बारीक होतात, शिरोरेषा मात्र तेवढीच जाड राहते. अक्षरांमधलं अंतर वाढवून ओळ ताणायचा प्रकारही असाच, त्यात शिरोरेषा अक्षराअक्षराला तुटते. दोन्ही करायला स्पष्ट मनाई करा.

मजकूर जास्त असेल तर फॉन्टने मार्ग काढायचा नसतो, मजकूर हलवायचा असतो. आमच्या आठ ओळी काढायच्या होत्या. सात ओळी काका-मामा-आत्यांच्या नावांच्या होत्या, त्या डावीकडच्या कोऱ्या पानावर साडेअकरा पॉइंटात गेल्या. आठवी ‘आहेर स्वीकारला जाणार नाही’ ही, तीही तिकडेच तळाशी. नाव गाळलं असतं तर रुसवे निघाले असते. नुसतं पान बदललं, तर कुणी काही बोललं नाही.

पाच: शाई आणि कागद

मरून कागदावर सोनेरी अक्षरं दिव्याखाली चमकतात आणि त्या चमकेत बारीक रेघा नाहीशा होतात. शिवाय स्क्रीन प्रिंटिंगमध्ये शाई थोडी पसरते, त्यामुळे भ-म, ब-व यांची पोटं भरतात. सोनं नावांपुरतं आणि गणपतीपुरतं ठेवा. मजकूर फिक्या कागदावर गडद शाईत. मरून हवाच असेल तर मरून शाई घ्या, मलई रंगाच्या कागदावर ती सुरेख दिसते.

सहा: फाइल द्या, फॉन्ट नको

अनेक प्रेसमध्ये अजून पेजमेकर किंवा कोरलची जुनी आवृत्ती असते. तिथे युनिकोड मजकूर चिकटवला की ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाते, जोडाक्षरं सुटून हलन्त उघडे पडतात. ‘विवाह’चं काय होतं ते बघवत नाही. म्हणून घरीच मजकूर लावून पीडीएफ करा आणि त्यातली अक्षरं टाइप न करता जशीच्या तशी घ्या असं सांगा. कोरलमध्ये घ्यायचीच झाली तर आधी ‘कर्व्ह’ करून, म्हणजे अक्षराचं चित्र बनवून. मग मात्र एक वेलांटी बदलायलाही फाइल परत आपल्याकडेच येते, तेव्हा त्याआधी शुद्धलेखन दोनदा बघा.

सात: घरातल्या वडीलधाऱ्यांकडून वाचून घ्या

प्रूफ मोबाइलवर पास करू नका, तिथे बोटांनी मोठं करून सगळंच वाचता येतं. खऱ्या कागदावर, पूर्ण आकारात छापून आणा. छापताना ‘पानात बसवा’ हा पर्याय बंद हवा, नाहीतर तुमचे २.६ मिलिमीटर गुपचूप २.४ होतात. मग कागद घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाच्या हातात द्या आणि ‘दिसतंय का’ असं विचारू नका. मान राखायला ते हो म्हणतात. ‘अक्षता किती वाजता आहेत?’ असं विचारा आणि घड्याळ बघा.

आमच्या आत्याने पहिल्या प्रूफवर ५९ मिनिटांना ५१ वाचलं होतं. दुसऱ्यावर तिने वेळ बरोबर सांगितली, कागद थोडा लांब धरला आणि विचारलं, “बऱ्हाणपूरच्या लोकांचं नाव डावीकडे का टाकलंय रे?” मी पत्रिका प्रेसला पाठवून दिली. पहिला गठ्ठा खजराण्याच्या गणपतीला ठेवायला निघाला, त्याआधी छापून आलेल्या पहिल्या कागदावर प्रत्येक ळ वर बोट ठेवून मी ते मोजले. अकरा होते, अकराही जागेवर.