ट्रस्ट डीडचं मराठी भाषांतर करताना या चुका टाळा

इंग्रजी ट्रस्ट डीडची मराठी प्रत तपासायला आली की मी आधी तीनच कलमं उघडते: उद्देश, विश्वस्तांचे अधिकार आणि विसर्जन. बाकी दस्तात चूक झाली तर बहुधा दुरुस्त करून घेता येते. या तिन्हींतली चूक मात्र संस्थेला वर्षानुवर्षं भोवते.

सगळ्यात जास्त त्रास मला अधिकारांच्या कलमाने दिला आहे. एका खेड्यातल्या शैक्षणिक ट्रस्टचं मूळ डीड इंग्रजीत होतं, पण बैठकीत सगळे मराठी प्रतच वाचायचे. त्या प्रतीत लिहिलं होतं, ‘विश्वस्तांना न्यासाची मिळकत विकण्याचा, गहाण ठेवण्याचा व भाडेपट्ट्याने देण्याचा पूर्ण अधिकार राहील.’ त्या भरवशावर त्यांनी इमारत नऊ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिली. मूळ इंग्रजी वाक्याच्या सुरुवातीला मात्र ‘सब्जेक्ट टू’ होतं, म्हणजे हे सारे अधिकार कायद्याच्या तरतुदींना अधीन होते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम 36 प्रमाणे इमारत तीन वर्षांहून जास्त काळ पट्ट्याने द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते. शेतजमिनीसाठी ही मर्यादा दहा वर्षांची आहे, आणि विक्रीला तर मंजुरी लागतेच. मंजुरी न घेतल्यामुळे तो करार अडकला आणि विश्वस्तांना खुलासे देत बसावं लागलं. ही सगळी माणसं प्रामाणिक होती. त्यांनी वाचलं तेवढंच केलं, आणि जे वाचलं त्यात अट नव्हती.

ती अट कुणी मुद्दाम गाळली नव्हती. मूळ वाक्य सात ओळींचं होतं. भाषांतरकाराने क्रियापद शोधत थेट शेवट गाठला आणि सुरुवातीचे चार शब्द मागेच राहिले. ‘पूर्ण’ हा शब्द तर मुळात नव्हताच, तो कानाला बरा वाटला म्हणून आला. तेव्हापासून मी मूळ प्रत छापून घेते आणि प्रत्येक अटीखाली लाल पेन्सिलीने रेघ मारते. भाषांतर झालं की मराठीतल्या अटी मोजते. आकडा जुळला नाही तर पुढे जात नाही. अट नेहमी वाक्याच्या तोंडाशीच ठेवते: ‘अधिनियमाच्या तरतुदींस अधीन राहून, विश्वस्तांना...’ ज्यांना ही मोजणी वेळखाऊ वाटते, त्यांनी दस्तांची कामं घेऊ नयेत असं मला मनापासून वाटतं.

याच कलमात ‘शॅल’ला ‘करतील’ आणि ‘मे’ला ‘करू शकतील’ ठेवा. अदलाबदल झाली तर मुभेचं बंधन होतं.

उद्देशांच्या कलमात ‘चॅरिटेबल’चं ‘धार्मिक’ करणारे अजूनही भेटतात. शब्द आहे धर्मादाय. निव्वळ धार्मिक शिकवण किंवा पूजाअर्चा या कायद्यातल्या धर्मादाय प्रयोजनात बसतच नाही, आणि देणगीदारांना देणगीवरची करसवलत मिळवून देताना ‘धार्मिक’ हा एक शब्द विनाकारण प्रश्न उभे करतो.

त्याहून लपून राहणारी चूक म्हणजे उद्देश एकमेकांत मिसळणं. मुळात असतं: दारिद्र्य किंवा विपत्तीचं निवारण, शिक्षण, वैद्यकीय साहाय्य. हे तीन सुटे उद्देश आहेत. घाईत त्याचं होतं, ‘गरीब व पीडितांना शिक्षण व वैद्यकीय मदत देणे.’ वाक्य गोड आहे, पण तिनाचा एक उद्देश झाला. उद्या गावात सर्वांसाठी वाचनालय काढायचं ठरलं तर तेही फक्त गरिबांसाठीच का, असा वाद घालायला जागा राहते. मी प्रत्येक उद्देशाला वेगळा आकडा देते. मुळात सलग लिहिलेलं असलं तर आकडे न घालता अर्धविरामाने तोडते, पण मिसळू देत नाही.

‘ऑब्जेक्ट्स’ म्हणजे उद्देश. एकदा उद्देश लिहिलं की मध्येच ‘हेतू’ नको. ‘एक्झिक्यूट’ म्हणजे दस्त करून देणं, अंमलबजावणी नव्हे. ‘न्यास’ आणि ‘विश्वस्तव्यवस्था’ यांतला एकच शब्द शेवटपर्यंत चालवा.

विसर्जनाचं कलम शेवटी येतं, तोवर भाषांतरकार थकलेला असतो. ‘न्यास रद्द झाल्यास’ लिहू नका, त्यातून नोंदणी रद्द झाल्याचा अर्थ निघू शकतो. ‘सारखे उद्देश असलेल्या’ हे शब्द गाळून नुसतं ‘दुसऱ्या संस्थेकडे’ लिहू नका. नकारही जपा, कारण मराठीत तो क्रियापदाला चिकटतो आणि लांब वाक्यात हरवतो. मी असं लिहिते: ‘न्यासाचे विसर्जन झाल्यास, सर्व देणी भागवून उरलेली मालमत्ता विश्वस्तांमध्ये वाटली जाणार नाही. ती सारखे उद्देश असलेल्या अन्य धर्मादाय न्यासाकडे, धर्मादाय आयुक्तांची परवानगी घेऊन, हस्तांतरित केली जाईल.’ परवानगी विसर्जनाला की हस्तांतरणाला, हे मूळ डीड पाहूनच ठरवा आणि ते शब्द त्याच क्रियापदाशेजारी ठेवा.

मग इंग्रजी न येणाऱ्या एखाद्या विश्वस्ताला ते कलम वाचायला देते आणि विचारते, ‘काका, संस्था बंद पडली तर पैसे कुणाकडे जाणार?’ उत्तरात ‘आमच्याकडे’ आलं तर कलम पुन्हा लिहायला घेते.