टीईटीचा एकपानी तक्ता : मूल्यमापनाच्या संज्ञा लिहिताना या चुका टाळा

टीईटीच्या बालमानसशास्त्र व अध्यापनशास्त्र विभागासाठी मी केलेला पहिला उजळणी तक्ता नीटनेटका होता. डावीकडे संज्ञा, उजवीकडे व्याख्या. व्याख्या तोंडपाठ झाल्या, पण सराव प्रश्नपत्रिकेत वर्गातला प्रसंग देऊन ‘हे कोणतं मूल्यमापन?’ असं विचारलं की दोन पर्यायांत अडकायला व्हायचं.

चूक इथे होती : आकारिक म्हणजे तोंडी आणि सत्र चालू असताना, संकलित म्हणजे लेखी आणि सत्राच्या शेवटी, असं मी लिहिलं होतं. खरा फरक हेतूचा आहे. एक उदाहरण घ्या. तिसरीतली मुलगी ५२ – २७ चं उत्तर ३५ लिहिते, ६३ – ४८ चं २५ आणि ८१ – ३६ चं ५५. बाईंनी या चुका पाहून उद्या दशक सुट्टे करायला काड्यांचे गठ्ठे आणायचं ठरवलं, तर ते आकारिक. तिन्ही उत्तरं शेजारी ठेवून ‘ही प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करते, हातचा घेतच नाही’ हे मूळ शोधलं, तर ते निदानात्मक. सत्राअखेर तीच गणितं घालून श्रेणी नोंदवली, तर संकलित. कागद तोच, तिन्ही वेळा लेखीच! म्हणून तक्त्यात व्याख्येऐवजी एकच रकाना ठेवा : ‘निकालाचं पुढे काय करणार?’

दुसरा गोंधळ सप्रमाणता आणि विश्वसनीयतेचा. हे दोन शब्द कायम जोडीने लिहा. बेरजेच्या चाचणीत लांबलचक, अवघड भाषेतली शाब्दिक उदाहरणं दिली, तर वाचनात मागे असलेल्या मुलाला आज कमी गुण पडतील आणि पुढच्या आठवड्यातही तितकेच पडतील. गुण स्थिर आहेत, म्हणजे चाचणी विश्वसनीय. पण तिने बेरीज नाही, वाचन मोजलं. म्हणून ती सप्रमाण नाही. उलट मात्र होत नाही : गुणच दर वेळी डळमळत असतील, तर चाचणी सप्रमाण म्हणता येत नाही. आणखी एक, काही पुस्तकं सप्रमाणतेलाच ‘वैधता’ किंवा ‘यथार्थता’ म्हणतात. तिन्ही शब्द एकाच चौकटीत लिहा, नाहीतर पर्यायांत अनोळखी शब्द दिसला की बरोबर उत्तर सुटतं.

पाठ करायचे आकडे थोडेच आहेत. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयातला आकारिक-संकलित भारांश असा : पहिली-दुसरी ७०-३०, तिसरी-चौथी ६०-४०, पाचवी-सहावी ५०-५०, सातवी-आठवी ४०-६०. इयत्ता वाढते तसा आकारिकचा वाटा दहाने उतरतो, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. पाचवी आणि आठवीसाठी नंतर वार्षिक परीक्षेचे वेगळे नियम आले, त्या दोन इयत्तांपुढे पेन्सिलने खूण करून ठेवा.