टीबीच्या गोळ्या चालू असताना मुंग्या आणि कावीळ वेळेत कशी ओळखावी

टीबीच्या रुग्णांना औषध देण्याचं आणि सहा-सहा महिने त्यांच्या मागे राहण्याचं काम मी नर्स म्हणून अनेक वर्षं करते आहे. या काळात एक समजूत मला सारखी भेटत आली आहे: "सोबत व्हिटॅमिनची गोळी आहे ना, मग साइड इफेक्ट होणार नाही." ही समजूत धोकादायक आहे. ते व्हिटॅमिन एकाच त्रासापासून वाचवतं. यकृताला त्याचा काहीही उपयोग नाही.

१. सुरुवातीच्या नोंदी

पहिल्या गोळीआधी वजन, यकृताची रक्ततपासणी आणि मधुमेह, दारू, गरोदरपण, मूत्रपिंडाचा आजार यांची माहिती डॉक्टरांकडे गेलेली असावी. आणखी एक प्रश्न हमखास राहून जातो, तो म्हणजे पायांना आधीपासून मुंग्या येतात का? उत्तर लिहून ठेवा. मधुमेह असलेल्यांना त्या बऱ्याचदा असतात आणि दोन महिन्यांनी जुन्या मुंग्या कोणत्या, नव्या कोणत्या, हे कुणालाच आठवत नाही.

२. व्हिटॅमिन बी-६

आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल या टीबीच्या चार मुख्य औषधांपैकी आयसोनियाझिड हे शरीरातल्या बी-६ला, म्हणजे पायरिडॉक्सिनला, चिकटतं आणि त्याला लघवीवाटे बाहेर नेतं. जे उरतं तेही नीट कामी येऊ देत नाही. नसांना या व्हिटॅमिनची गरज असते, म्हणून त्रास सगळ्यात लांबच्या नसांपासून, पायांच्या बोटांपासून, सुरू होतो. दोन्ही पायांना सारख्याच मुंग्या येतात, तळवे जळजळतात, पुढे बधिरपणा चढत जातो. एकाच पायाला, कंबरेपासून खाली जाणारी कळ असेल तर कारण बहुधा वेगळं असतं.

हा त्रास होऊ नये म्हणून रोज १० मिलिग्रॅम पायरिडॉक्सिन सहसा पुरतं. मधुमेह, दारू, कुपोषण, एचआयव्ही किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टर २५ ते ५० मिलिग्रॅमपर्यंत देतात. मुंग्या सुरूच झाल्या तर मात्रा वाढवावी लागते, पण ती डॉक्टरांनी. "व्हिटॅमिनच आहे, कितीही घ्या" हा सल्ला चूक आहे. महिनोनमहिने शेकडो मिलिग्रॅम घेतलेलं बी-६ स्वतःच नसा बिघडवतं आणि लक्षणंही तीच दिसतात. बी-कॉम्प्लेक्सची कोणतीही गोळी चालेल, हेही खरं नाही. कित्येक गोळ्यांत पायरिडॉक्सिन फार थोडं असतं. पाकिटावर मिलिग्रॅम वाचा.

३. डोळे

इथॅम्ब्युटॉलने डोळ्याच्या नसेला सूज येऊ शकते आणि बी-६ ती अडवत नाही. आठवड्यातून एकदा एक डोळा झाकून, मग दुसरा झाकून, तेच छापील पान त्याच अंतरावरून वाचा. अक्षर धूसर झालं किंवा लाल-हिरवा रंग फिका वाटला तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना गाठा.

४. यकृत: इथे घाई आणि उशीर, दोन्ही महागात पडतात

ही पायरी मला शिकायला वेळ लागला. नवी असताना एका रुग्णाने पाचव्या आठवड्यात मळमळ सांगितली. मी म्हणाले, "जेवणानंतर घ्या, बसेल हळूहळू." चार दिवसांनी तो आला तेव्हा डोळे पिवळे होते. तेव्हापासून मळमळ ऐकली की मी तीन गोष्टी विचारल्याशिवाय सोडत नाही.

पहिली, मळमळ कधी होते? गोळ्या घेतल्यावर तास-दोन तास होऊन जात असेल आणि संध्याकाळी भूक लागत असेल तर बहुतेक पोटाचा त्रास आहे. दिवसभर मळमळ, अन्नाचा वासही नको, उलट्या, अंगात त्राण नाही, उजव्या बरगडीखाली दुखतंय, अशी तक्रार असेल तर ती यकृताची समजायची. दुसरी, लघवीचा रंग. रिफाम्पिसिनमुळे लघवी नारिंगी-लालसर होते आणि गोळीनंतर काही तासांनी फिकी पडत जाते. त्याची भीती नको. कावीळ असेल तर ती दिवसभर काळ्या चहासारखी गडद राहते. तिसरी, डोळे. दिवसाच्या उजेडात डोळ्याचा पांढरा भाग बघा, पिवळ्या बल्बखाली नको.

यकृताची शंका आली तर पुढचा डोस घेऊ नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. "लिव्हर टॉनिक घ्या आणि गोळ्या चालू ठेवा" असं सांगणाऱ्यांवर मला संताप येतो. यकृताला इजा करणारी आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही तीनही औषधं चालू असताना कोणतंही टॉनिक कामाचं नाही. पण रक्ततपासणीत एसजीपीटी, म्हणजे यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम, जरा वाढलेलं दिसलं म्हणून घाबरून औषध सोडणंही तितकंच वाईट, कारण अर्धवट उपचारातून जंतू औषधाला दाद न देणारे होऊ शकतात. साधारण नियम असा: लक्षणं असतील आणि एसजीपीटी कमाल मर्यादेच्या तिपटीवर असेल, किंवा लक्षणं नसतानाही पाचपटीवर असेल, तर औषध थांबवतात. कावीळ दिसली तरी थांबवतात. त्याखाली, लक्षणं नसताना, औषध चालू ठेवून तपासणी पुन्हा करतात.

त्या रुग्णाचंच पुढे सांगते. मर्यादा ४० होती, त्याचं एसजीपीटी २६० निघालं, म्हणजे साडेसहा पट. सगळी औषधं एकदम थांबवली. "फक्त एक काढून बघू" असं करायचं नसतं, कारण दोषी कोण हे रक्ताच्या रिपोर्टवरून कळत नाही. विषाणूंच्या काविळीच्या तपासण्या केल्या, दारू आणि पॅरासिटामॉलबद्दल विचारलं. मग वाट पाहिली. एसजीपीटी मर्यादेच्या दुपटीखाली, म्हणजे ८०च्या खाली यायला जवळपास तीन आठवडे गेले. रोज "कधी सुरू करणार?" म्हणून विचारणाऱ्या घरच्यांना थोपवणं, हे या टप्प्यातलं सगळ्यात कठीण काम असतं. आजार गंभीर असेल तर या मधल्या काळात यकृताला कमी त्रास देणारी औषधं डॉक्टर देतात. ती तुम्ही निवडायची नाहीत.

औषध परत सुरू केलं ते एकेक करून. आधी इथॅम्ब्युटॉलसोबत रिफाम्पिसिन, आठवड्याने रक्त तपासून आयसोनियाझिड, पुन्हा आठवड्याने तपासणी. त्यासाठी सुट्या गोळ्या लागतात. चारही औषधं एकत्र असलेल्या गोळीतून एक बाजूला काढता येत नाही. दोन्ही औषधं सोसली आणि आधी कावीळ झालेली होती, म्हणून पायराझिनामाइड परत दिलंच नाही. त्याच्या बदल्यात उपचार सहाऐवजी नऊ महिन्यांचा झाला.

५. पुढचे महिने

यकृताचा त्रास बहुतेकदा पहिल्या दोन महिन्यांत होतो, पण नंतर होणारच नाही असं नाही. भेटीच्या वेळी तेच तीन प्रश्न, पायांच्या मुंग्या आणि डोळ्यांचं वाचन एवढं विचारून घ्या. आयसोनियाझिड परत सुरू झालं त्या दिवसापासून या रुग्णाची बी-६ची गोळीही परत सुरू झाली, आणि नवव्या महिन्यात दोन्ही एकाच दिवशी बंद केल्या.