परदेशातल्या मुलांसाठी कानबाईचा व्हिडिओ करताय? स्क्रिप्टमधल्या या चुका टाळा

श्रावण लागला की खान्देशात भाऊबंदांचे व्हॉट्सअॅप ग्रुप जागे होतात. नागपंचमीनंतर येणाऱ्या पहिल्या रविवारी कानबाई देवी सजवलेल्या नारळाच्या रूपात घरात बसते आणि सोमवारी तिला नदीवर पोचवतात. त्या दोन दिवसांसाठी पुण्या-मुंबईची, सुरतेची माणसं मिळेल त्या गाडीने गावी येतात. न्यू जर्सी किंवा फ्रँकफर्टच्या घरांना ते दरवर्षी जमत नाही, म्हणून हल्ली बरीच कुटुंबं तिथल्या मुलांसाठी दोन मिनिटांचा स्वागताचा व्हिडिओ करून पाठवतात. भावना खरी असते, मेहनतही खूप असते, पण मुलं वीस सेकंदांत स्क्रीन सोडून उठतात. चूक बहुतेक वेळा चित्रीकरणात नसते, ती स्क्रिप्टमध्ये असते.

अमळनेर तालुक्यातल्या, बोरी नदीकाठच्या एका गावातून माझ्याकडे तपासायला आलेली स्क्रिप्ट उदाहरणादाखल घेते. ती अशी सुरू होत होती: "प्राचीन व समृद्ध परंपरा लाभलेल्या आपल्या खान्देशचे आराध्य दैवत असलेल्या कानबाई मातेच्या उत्सवात आपणा सर्वांचे सहर्ष स्वागत." पुढे खान्देशातले तिन्ही जिल्हे, कानबाईची कथा, नैवेद्याची यादी, मिरवणूक आणि शेवटी "आपली संस्कृती विसरू नका". सगळे मिळून चारशेच्या वर शब्द.

पहिली अडचण हिशेबाची. सावकाश बोलणारी आजी मिनिटाला शंभरएक शब्द बोलते. दोन मिनिटांत दोनशे शब्द बसतात, आणि मध्ये गाणं ऐकू द्यायचं, फुगडी बघू द्यायची तर दीडशेच उरतात. चारशे शब्द कोंबले की आजी वाचत सुटते. वाचताना तिचा आवाज बदलतो आणि नातवंडांना ती ओळखू येत नाही. म्हणून लिहिण्याआधी ठरवा की मुलाला या व्हिडिओतून कोणती एक गोष्ट कळायला हवी. कानबाईत अशी गोष्ट हाताशी आहे: रोट, म्हणजे कानबाईचा प्रसाद. बऱ्याच घरांत नावं घेत, एकेका नावाने सव्वा मूठ गहू काढतात. तेच गहू दळून रोटाचा स्वयंपाक होतो. सातासमुद्रापलीकडच्या पोराचं नाव आजी घेते आणि मूठभर गहू परातीत टाकते, हे दृश्य मुलाला लगेच समजतं. कथा, जिल्हे आणि यादी पुढच्या वर्षीसाठी राहू द्या.

इथे एक नाजूक गाठ आहे आणि ती बहुतेक स्क्रिप्ट टाळतात. रूढ पद्धतीत ही मूठ घरातल्या पुरुषांच्या नावाने निघते. स्क्रिप्ट मात्र सहज म्हणून जाते, "घरातल्या प्रत्येकाच्या नावाने." व्हिडिओ बघणारी नऊ वर्षांची मुलगी भावाचं नाव ऐकते, मग स्वतःचं येईल म्हणून थांबते, आणि ते येत नाही. असं होऊ देऊ नका. तुमच्या घरात आता मुलींच्याही नावाने मूठ काढत असाल, तर तेच कॅमेऱ्यासमोर करा. काढत नसाल तर खोटं दाखवू नका. "गहू मोजतो तो आजोबांचा, बाबांचा, दादाचा" असं सरळ सांगा आणि पुढच्याच वाक्यात मुलीला तिची जागा दाखवा: कानबाईला सजवणाऱ्या, रात्रभर गाणी म्हणत जागरण करणाऱ्या, सोमवारी तिला डोक्यावर घेऊन नदीवर निघणाऱ्या बायाच असतात. त्या मिरवणुकीत तुझ्या वयाच्या पोरी फुगडी घालत पुढे असतात, हे तिला ऐकू द्या. बोरीकाठच्या त्या कुटुंबाने याच मुद्द्यावर घरात बसून बोलणं केलं आणि त्या वर्षी नातीच्या नावाची मूठही काढली. तो त्यांचा निर्णय होता. स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने तो त्यांच्या वतीने गृहीत धरायचा नाही.

"आमच्या घरी" आणि "खान्देशात" हे दोन शब्द अदलाबदल करणं ही याच जातीची चूक. कुठे कानबाईचा नारळ पिढीजात असतो, कुठे दरवर्षी नवा घेतात. रोट भाऊबंदांच्या बाहेर द्यायचा नाही, असं काही घरं कटाक्षाने पाळतात, काही नाही. नाशकातल्या मावशीच्या घरची पद्धत वेगळी दिसली की मूल गोंधळतं आणि आईला विचारतं की खोटं कोण सांगतंय. आजीच्या तोंडी "आमच्या घरी असं करतात" एवढं ठेवलं की काम भागतं.

आता भाषा. परदेशात वाढणाऱ्या मुलांचं मराठी स्वयंपाकघरातलं असतं: पोळी, पाणी, ये, बस, झोप, आजी, भूक. "प्रतिष्ठापना", "नैवेद्य", "विसर्जन" हे शब्द त्यांनी ऐकलेले नसतात. पण "कानबाई बसते", "तिला जेवायला देतात", "तिला नदीवर पोचवायला जातात" हे त्यांना कळतं, आणि घरातले लोकही एरवी असंच बोलतात. वाक्य किती लांब चाललं हे तपासायची सोपी युक्ती: मोठ्याने वाचा, आणि क्रियापदाआधी श्वास घ्यावा लागला तर तिथे दोन वाक्यं करा. मुलाला "तू" म्हणा. "आपणा सर्वांचे" म्हटलं की ते कोणाशीच बोललेलं नसतं. अहिराणीचं एक वाक्य जरूर ठेवा, आजीच्या सवयीचं, "आमना घर ये" इतकं सोपं. अर्थ सांगत बसू नका, तिचा हात बोलावत असेल तर मूल समजून घेतं. तळाशी ओळी द्यायच्या तर मुलं शाळेत जी भाषा वाचतात तीत द्या. देवनागरीतल्या ओळी आईबाबांना आवडतात, पण ज्याच्यासाठी व्हिडिओ आहे त्याला बहुधा त्या वाचता येत नाहीत.

चित्र आणि आवाज यांचं भांडण ही तिसरी मोठी अडचण. त्या पहिल्या स्क्रिप्टमध्ये आवाज कथा सांगत होता आणि पडद्यावर पुरणपोळी लाटली जात होती. मूल पोळीकडे बघतं आणि आवाज निसटतो. उलटी चूकही होते: पडद्यावर नारळ दिसतोय आणि आवाज म्हणतो, "हा नारळ आहे." जे दिसतंय ते सांगायची गरज नाही, दिसत नाही ते सांगा. कागद उभा दुमडा, डावीकडे चित्र आणि उजवीकडे आवाज लिहा. डावीकडची जागा रिकामी राहिली तर समजा की त्या वाक्यासाठी तुमच्याकडे दाखवायला काही नाही, आणि ते वाक्य काढा.

दुरुस्त केलेली स्क्रिप्ट साधारण अशी झाली:

चित्र: आजी उंबऱ्यात, हाताने बोलावते.
आवाज: "आमना घर ये. मी तुझी आजी. आज तुला कोणाला तरी भेटवायचंय."

चित्र: नारळाजवळ जाणारा कॅमेरा. आधी डोळे, मग नथ, मग सगळी कानबाई.
आवाज: "ही कानबाई. वर्षातून एकदा आमच्या घरी राहायला येते. रविवारी येते, सोमवारी जाते."

चित्र: परात, गव्हाची मूठ. गव्हाचा आवाज ऐकू येतो.
आवाज: "हे आजोबांचे. हे तुझ्या बाबांचे. आणि हे... ऐक बरं." (मुलांची नावं, सावकाश, प्रत्येक नावानंतर मूठ पडू द्यायची.)

चित्र: पुरणपोळी, खीर, गंगाफळाची भाजी, ताटाभोवती घरचे.
आवाज: "या गव्हाच्या पोळ्या आम्ही सगळे मिळून खातो. पौर्णिमेच्या आत संपवतो. तुझा घास मी खाते."

चित्र: मागच्या वर्षीची मिरवणूक, फुगडी.
आवाज: बायांचं गाणं, वीस सेकंद, वर कोणी बोलायचं नाही.

चित्र: पुन्हा आजी, कॅमेऱ्याकडे बघत.
आवाज: "तुझ्या घरी पोळी होईल तेव्हा मला दाखव. मी वाट बघते."

आवाजाचे शब्द शंभराच्या आतच आहेत, आणि नावांना, गाण्याला हवी तेवढी जागा मिळाली. शेवटी "विसरू नका" ऐवजी एक करता येण्यासारखं काम आलं. विसरू नका म्हटलं की जे मुलाने कधी पाहिलेलंच नाही त्याचा दोष त्याच्या माथी बसतो.

मिरवणुकीच्या आवाजाबद्दल सावध राहा. सोमवारी सकाळी डीजे लागलेला असतो, आणि त्यातलं सिनेमातलं गाणं तुमच्या व्हिडिओत आलं की यूट्यूब हक्काचा दावा लावतं. कधी आवाज बंद होतो, कधी एखाद्या देशात व्हिडिओ उघडतच नाही, आणि तुम्हाला गावात तो व्यवस्थित दिसत असल्यामुळे पत्ताही लागत नाही. रविवारच्या जागरणात घरच्या बाया म्हणतात ती गाणी घ्या, त्यांना विचारून. दुसरा मोबाइल रेकॉर्डिंगवर ठेवून गाणाऱ्यांपासून हातभर अंतरावर ठेवा आणि सुरुवातीला एक टाळी वाजवा. पुढे चित्र आणि आवाज जुळवताना ती टाळीच उपयोगी पडते. आजीच्या वाक्यांसाठीही हेच करा, पंखा बंद करून. देवघरात कॅमेरा चालेल का हे आधी घरातल्या मोठ्यांना विचारा. काही घरांत कानबाई बसवताना चित्रण चालत नाही. तिथे सजून झाल्यावरचं दृश्य घ्या.

स्वागताचा व्हिडिओ सणाच्या आधी पोचायला हवा, म्हणजे कानबाईचं आणि मिरवणुकीचं चित्रण मागच्या वर्षीचं असणार. म्हणून यंदा व्हिडिओ नसला तरी सोमवारचं चित्रण करून ठेवा.

पाठवण्याआधी दोन तपासण्या करा. आवाज बंद करून बघा: काय चाललंय याचा अंदाज आला पाहिजे. मग परदेशातल्या एकाच मुलाला दाखवायला त्याच्या आईला सांगा, आणि काही न समजावता विचारू द्या, "काय होतं त्यात?" मूल "नारळाला डोळे होते" किंवा "आजीने माझं नाव घेतलं" म्हणालं तर व्हिडिओ पाठवा. "आजी काहीतरी सांगत होती" म्हणालं तर अजून शब्द काढायचे आहेत.

तारीख आणि वेळ आवाजात घालू नका. "३ ऑगस्टला भेटू" हे २०२५ साली बरोबर होतं, पुढच्या वर्षी तोच व्हिडिओ चुकीचा ठरतो. वेळेचंही तसंच. गावात रविवारी रात्री नऊला जागरण सुरू होतं तेव्हा न्यू जर्सीत सकाळचे साडेअकरा वाजलेले असतात आणि फ्रँकफर्टला संध्याकाळचे साडेपाच. सोमवारी सकाळी आठची मिरवणूक न्यू जर्सीच्या मुलांना रविवारी रात्री साडेदहाला बघता येते, जर्मनीत मात्र तेव्हा पहाटेचे साडेचार असतात. त्यामुळे व्हिडिओ सगळ्यांना एकच पाठवा, आणि व्हिडिओ कॉलची वेळ त्याच्याखाली प्रत्येक घराला वेगळी लिहा: जर्मनीवाल्यांना जागरणाची, अमेरिकेवाल्यांना मिरवणुकीची.