बुडालेला तास भरून देताना बॅच ओसंडते? या चुका टाळा

नाशिकला गंगापूर रोडवर माझा कथकचा वर्ग भरतो. हॉल 24 फूट रुंद आणि 24 फूट लांब आहे. समोरची 6 फूट जागा मी आणि तबला यांच्यासाठी सोडली की 24 बाय 18 फूट उरते. त्यात चार-चार मुलींच्या तीन ओळी केल्या की प्रत्येकीला 6 बाय 6 फूट मिळते, आणि हात पसरून चक्कर घेताना शेजारणीला धक्का लागत नाही. त्यामुळे बॅचची मर्यादा 12 आहे, आणि ती जमिनीने ठरवलेली असल्याने एखाद्या दिवसापुरतीसुद्धा वाढवता येत नाही.

गेल्या श्रावणात एका सोमवारी मुसळधार पावसामुळे प्रारंभिकच्या पाच मुलींचा तास बुडाला. त्यांच्या पालकांना मी ग्रुपवर कळवले की कोणत्याही बॅचला पाठवा. हीच पहिली चूक. शनिवारच्या बॅचच्या पटावर 9 मुली होत्या. पाचही जणी त्याच दिवशी आल्या आणि संख्या 14 झाली. तत्कारापर्यंत निभावले, परंतु चक्करांच्या तुकड्याला मागच्या ओळीतील दोघींचे हात एकमेकींना लागले आणि दोघींचीही सम चुकली.

खरे तर हिशेब सोपा होता. शनिवारी 12 वजा 9, म्हणजे तीनच जागा होत्या. मंगळवारच्या बॅचमध्ये 11 मुली असल्याने एक जागा दिसत होती, पण ती बॅच प्रवेशिका प्रथमची. तिथे प्रारंभिकची मुलगी तासभर नुसती बघत राहिली असती. म्हणून तिघींना त्या शनिवारी आणि दोघींना पुढच्या शनिवारी बोलवायला हवे होते. आता मी रिकाम्या जागा पाहून प्रत्येक पालकाला स्वतंत्रपणे तारीख कळवते, आणि त्यांचा होकार आल्यावरच हजेरीपटात पेन्सिलीने नाव लिहिते.

दुसरी चूक अधिक फसवी आहे. दर शनिवारी दोघी तरी गैरहजर असतातच, असे गृहीत धरून त्यांच्या जागा देऊन टाकण्याचा मोह होतो. कथकची परीक्षा जवळ आली की मात्र पटावरच्या सगळ्याच येतात, आणि आपल्या हक्काची जागा गेलेल्या मुलीला आपण काय सांगणार? पटावरच्या मुलीची जागा, तिच्या घरून त्या दिवशी दुपारी 12 पर्यंत 'येणार नाही' असे कळले तरच मोकळी समजावी.

बुडालेले तास साचू देणेही महागात पडते. शाळेच्या वार्षिक परीक्षेमुळे मार्चमध्ये अनेक मुली एकदम सुट्टी घेतात आणि एप्रिलमध्ये सगळ्यांनाच भरपाई हवी असते. हजेरीपटात 'बाकी तास' असा रकाना ठेवल्यास ही गर्दी आधीच दिसते. एकाच पातळीच्या, तास बाकी असलेल्या मुली महिन्यातील मोकळ्या जागांपेक्षा जास्त झाल्या, की मी रविवारी सकाळी त्यांचा वेगळा तास ठेवते. तिथेही मर्यादा 12 चीच. ठरलेल्या भरपाईला न कळवता गैरहजर राहिल्यास तो तास पुन्हा भरून मिळत नाही, हे प्रवेशाच्या वेळीच पालकांना लेखी द्यावे.