मेसचा हिशेब: ब्रेक-इव्हन काढताना या चुका टाळा

समजा, पुण्यात विद्यार्थ्यांची एक मेस आहे. दर महिन्याला ३,००० रुपये. किराणा, भाजी, दूध, गॅस आणि पोळ्या करणाऱ्या मावशींची नगावरची मजुरी धरून एका मेंबरवर १,८०० रुपये जातात, १,२०० उरतात. जागेचं भाडं, आचाऱ्याचा आणि मालकाचा स्वतःचा पगार असा स्थिर खर्च १,२०,००० रुपये. १,२०,००० भागिले १,२००, म्हणजे १०० मेंबर झाले की ना नफा, ना तोटा.

आता मेंबर १२० आहेत आणि नफा २४,००० आहे. इथेच सगळ्यात महागात पडणारी चूक होते. मालक नफ्याला मेंबरांनी भागतो आणि म्हणतो, ‘एका मेंबरमागे २०० सुटतात. १२ जण गेले तर २,४०० जातील, बघू.’ प्रत्यक्षात १४,४०० जातात. मेंबर गेला की १,८०० वाचतात, पण घरमालक भाडं कमी करत नाही आणि आचाऱ्याचा पगारही तेवढाच राहतो. गिऱ्हाईक १० टक्क्यांनी घटलं, तर नफा ६० टक्क्यांनी घसरून ९,६०० वर येतो. १२ मेंबर वाढले, तर तो तितकाच चढून ३८,४०० होतो. या सहापटीलाच ऑपरेटिंग लिव्हरेज म्हणतात. मेंबरांकडून उरलेले १,४४,००० भागिले नफा २४,००० केलं की हा आकडा मिळतो.

हा सहाचा आकडा कायमचा धरून चालू नका. १०५ मेंबरांवर तो २१ होतो, २०० मेंबरांवर फक्त २. ब्रेक-इव्हनच्या जितकं जवळ, तितका झटका मोठा. म्हणून मेंबरसंख्या बदलली की तो पुन्हा काढायला हवा.

स्वतःचा पगार न धरणं ही तर घरोघरी दिसणारी चूक. वरच्या स्थिर खर्चात मालकाचे २०,००० आहेत. ते वगळले, तर ८४ मेंबरांवरच धंदा सुटल्यासारखा वाटतो, आणि मालक फुकट राबत राहतो.

शेवटची चूक पोळ्यांच्या मशीनची. समजा, मशीनमुळे मेंबरमागे २०० वाचतात, पण हप्ता आणि देखभाल धरून स्थिर खर्च ३०,००० ने वाढतो. ‘खर्च वाचतोय’ एवढंच बघून सही करू नये. १५० मेंबरांवर जुनी आणि नवी पद्धत सारखीच पडते, त्याखाली जुनीच बरी. १२० वर नफा २४,००० वरून १८,००० होतो. मे महिन्यात मुलं गावी जातात. मेंबर ९० वर आले, तर १२,००० चा तोटा थेट २४,००० होतो, आणि हप्ता मात्र चुकत नाही. म्हणून मशीनचा हिशेब मांडताना भरलेला जुलै धरू नका, मे धरा.